लॅपटॉप ओळखायचा की माणूस?

छोट्या कंपनीच्या व्हीपीएनसाठी सर्टिफिकेट घ्यावं की ओटीपी, याचा हिशोब

कंपनीचे वार्षिक कागद ऑनलाइन भरणाऱ्या कुठल्याही कचेरीत दोन गोष्टी हमखास असतात. एक म्हणजे डीएससी, पेनड्राइव्हसारखं दिसणारं टोकन, ज्यात संचालकाची डिजिटल सही असते. दुसरी म्हणजे मोबाईलवर मिळणारा सहा आकडी ओटीपी. या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात कशा वापरल्या जातात, हेही सगळ्यांना माहीत असतं. डीएससी संचालकाकडे नसतेच. ती सीएच्या ड्रॉवरमध्ये असते आणि तिच्या पिनची चिठ्ठी तिलाच रबरबँडने बांधलेली असते. ओटीपी मागायला कुणी फोन केला, तर साहेब मीटिंगमधूनच हळू आवाजात आकडे सांगून मोकळे होतात.

घरून किंवा दौऱ्यावरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना कसं ओळखायचं, असा प्रश्न छोट्या कंपनीसमोर येतो, तेव्हा निवड याच दोन तंत्रांमध्ये करायची असते. डीएससीच्या जातीचं सर्टिफिकेट प्रत्येक लॅपटॉपमध्ये बसवायचं, की मोबाईलवरचा कोड विचारायचा? यातलं भक्कम कोणतं, असा सल्ला मागितला जातो आणि तसाच दिलाही जातो. पण दोन्ही तंत्रं वेगवेगळ्या गोष्टी तपासतात आणि वेगवेगळ्या दिवशी दगा देतात. कंपनीत त्यातला कोणता दिवस आधी उजाडणार आहे, हे पाहिलं की निवड बरीच सोपी होते.

नुसता पासवर्ड का पुरत नाही

व्हीपीएन म्हणजे बाहेरच्या संगणकापासून कचेरीच्या नेटवर्कपर्यंत इंटरनेटवरून टाकलेली कुलूपबंद वाट. त्या वाटेने आत आलेला संगणक जणू कचेरीतच बसलेला असतो. त्याला टॅली दिसते, ड्रॉइंगचं फोल्डर दिसतं, प्रिंटरसुद्धा दिसतो. म्हणून चोराला तिथे पोचता आलं, की पुढचं बरंच काम आपोआप होतं.

मे २०२१मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कलोनियल पाइपलाइन बंद ठेवावी लागली, ती अशाच एका वाटेमुळे. एक जुनं, वापरातून गेलेलं व्हीपीएन खातं चालूच राहिलं होतं आणि त्याला फक्त पासवर्ड लागत होता. कंपनीचे प्रमुख जोसेफ ब्लाउंट यांनी ८ जूनला सिनेटच्या समितीपुढे सांगितलं, की पासवर्ड साधासुधा नव्हता, चांगला गुंतागुंतीचा होता. पण त्याच्यामागे दुसरी कसलीच तपासणी नव्हती. पासवर्ड कुठून तरी फुटला आणि त्याची गुंतागुंत निरुपयोगी ठरली. कंपनीने ७५ बिटकॉइनची, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली.

तेव्हा पासवर्डच्या जोडीला काहीतरी हवं, हे ठरलेलं आहे. काय हवं, ते एका कल्पित पण नेहमी दिसणाऱ्या कंपनीचं उदाहरण घेऊन पाहू. समजा, चाकणला यंत्रांचे सुटे भाग बनवणारी अठरा जणांची कंपनी आहे. कचेरीत टॅली आणि ड्रॉइंगचा सर्व्हर आहे. एका लहानशा लिनक्स मशीनवर ओपनव्हीपीएन हा मोफत मिळणारा व्हीपीएन चालतो. बाहेरून अकरा जण जोडले जातात. त्यात चार डिझाइन इंजिनिअर, तीन विक्री प्रतिनिधी, एक अकाउंटंट आणि मालक अशा नऊ जणांकडे कंपनीचे लॅपटॉप आहेत. उरलेले दोघे म्हणजे अर्धवेळ हिशोब पाहणाऱ्या बाई आणि महिन्यातून दोनदा येणारा सिस्टिमवाला. ते आपापल्या घरचे संगणक वापरतात. आज अकराही जणांना नाव आणि पासवर्ड टाकून आत जाता येतं.

सर्टिफिकेट नेमकं काय करतं

सर्टिफिकेटच्या पद्धतीत प्रत्येक लॅपटॉपमध्ये एकमेकींशी गणिताने बांधलेल्या दोन चाव्या तयार होतात. खाजगी चावी लॅपटॉपमध्येच राहते. सार्वजनिक चावी एका छोट्या फाइलमध्ये जाते आणि कंपनी त्या फाइलवर स्वतःची डिजिटल सही करते. ही सही केलेली फाइल म्हणजे सर्टिफिकेट. ‘हा लॅपटॉप क्रमांक ७, आमचाच आहे, अमुक तारखेपर्यंत चालेल’ एवढंच त्यात असतं. लॅपटॉप व्हीपीएनला जोडायला गेला, की आधी सर्टिफिकेट दाखवतो आणि मग त्याच वेळच्या संभाषणावर खाजगी चावीने सही करून देतो. सर्व्हर ती सही तपासतो. खाजगी चावी मात्र वायरवरून कधीच जात नाही.

याचे दोन फायदे आहेत. पहिला असा, की कर्मचाऱ्याला काहीच टाइप करावं लागत नाही, त्यामुळे फोनवर फसवून त्याच्याकडून काढून घेण्यासारखं काही उरत नाही. खोट्या पानावर नेऊन त्याला काही भरायला लावलं, तरी सही त्या एकाच संभाषणापुरती असते. ती उचलून दुसरीकडे वापरता येत नाही. दुसरा फायदा असा, की कर्मचाऱ्यांचं कुठलंच गुपित सर्व्हरवर साठवावं लागत नाही. व्हीपीएनचा सर्व्हर कुणी फोडलाच, तर त्याला तिथे एकाही लॅपटॉपची खाजगी चावी मिळत नाही.

हा दुसरा फायदा बऱ्याच कंपन्या सुरुवातीलाच घालवून बसतात. ओपनव्हीपीएनबरोबर इझी-आरएसए नावाचं साधन येतं आणि त्याची सर्वांत सोपी आज्ञा चावी व सर्टिफिकेट दोन्ही एकाच ठिकाणी, म्हणजे सही करणाऱ्या संगणकावरच बनवते. मग ते सगळं एका `.ovpn` फाइलमध्ये भरून कर्मचाऱ्याला ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलं जातं. अशी ‘खाजगी’ चावी मग पाठवणाऱ्याच्या मेलमध्ये, घेणाऱ्याच्या मेलमध्ये, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आणि कदाचित फोनच्या बॅकअपमध्येही राहते. ज्या कुणाला ती फाइल मिळाली, तो सर्व्हरच्या नजरेत लॅपटॉप क्रमांक ७ ठरतो. योग्य रीत अशी, की चावी लॅपटॉपवर बनवायची, तिथून फक्त सहीची मागणी पाठवायची आणि सही झालेलं सर्टिफिकेट परत आणायचं. विंडोजच्या नव्या लॅपटॉपमध्ये टीपीएम नावाची चिप असते. चावी तिच्यात बनवली, तर लॅपटॉपच्या मालकालाही तिची प्रत काढता येत नाही.

याहून वाईट म्हणजे अकराही जणांना एकच फाइल देणं. ओपनव्हीपीएनमध्ये `duplicate-cn` ही एक ओळ लिहिली, की एका सर्टिफिकेटवर कितीही जण एकाच वेळी जोडले जाऊ शकतात. सोय होते खरी, पण त्यातला एक जण नोकरी सोडून गेला, की उरलेल्या दहांची फाइल बदलावी लागते. म्हणून ती बदलली जात नाही. नोंदवहीतही अकराही जणांच्या नावाने एकच नाव दिसतं.

कोड नेमकं काय करतो

मोबाईलच्या ऑथेंटिकेटर अॅपमधला कोड एसएमएसने येत नाही, तो फोनमध्येच तयार होतो. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करतो, तेव्हा एक लांबलचक गुप्त अक्षरमाला फोनमध्ये जाते. तीच अक्षरमाला सर्व्हरवरही असते. दोन्हीकडे चालू वेळेचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडले जातात. गुप्त अक्षरमाला आणि आत्ताच्या तुकड्याचा क्रमांक यांतून एका ठरलेल्या गणिताने सहा आकडे काढले जातात. दोन्हीकडे तेच आकडे निघाले, तर दार उघडतं. २०११मध्ये ही रीत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आणि आज जवळपास सगळी अॅप्स तीच पाळतात. फोनला इंटरनेट लागत नाही, रेंजही लागत नाही, अचूक घड्याळ मात्र लागतं.

एसएमएसचा ओटीपी इथे बाजूलाच ठेवलेला बरा. नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेण्याची फसवणूक जुनी आहे. शिवाय भारतात कंपनीच्या नावाने असे संदेश पाठवायचे, तर डीएलटीवर कंपनीची आणि संदेशाच्या मजकुराची नोंदणी करावी लागते. अकरा माणसांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. अॅप फुकट आहे.

कोडचा गुण असा, की तो माणूस आत्ता तिथे हजर आहे याचा पुरावा देतो. लॅपटॉप चोरीला गेला, पासवर्ड फुटला, तरी फोन हातात असल्याशिवाय चोराला पुढे जाता येत नाही. घरचा संगणक असो की सायबर कॅफेतला, त्यात काही बसवावं लागत नाही.

कोडचे दोष मात्र सर्टिफिकेटच्या बरोबर उलट आहेत. कोड माणसाला वाचता येतो, म्हणजे दुसऱ्याला सांगताही येतो. २० जुलै २०२२ला क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना मिनिटभराच्या आत मोबाईलवर संदेश आले. त्यातली लिंक कंपनीच्या लॉगिन पानासारख्याच दिसणाऱ्या पानावर नेत होती. ते पान आधी नाव आणि पासवर्ड मागायचं, मग कोड मागायचं, आणि भरलेलं सगळं लगेच चोरांकडे पोचवायचं. कोड तीस सेकंदांचा असला तरी तेवढ्यात तो खऱ्या पानावर टाकायला चोराला वेळ पुरतो. तिघे फसले आणि त्यांनी पासवर्ड दिला. तरी चोर आत शिरले नाहीत, कारण त्या कंपनीत कोड नव्हतेच. तिथे प्रत्येकाकडे यूएसबीत लावायची सुरक्षा-किल्ली होती आणि ती सर्टिफिकेटसारखीच, त्या-त्या खऱ्या ठिकाणापुरती सही करते. त्याच सुमाराला तशाच हल्ल्यात ट्विलिओ या दुसऱ्या कंपनीत मात्र चोर आत गेले.

कोडचा दुसरा दोष असा, की गुपित दोन्हीकडे असतं. सर्व्हरवरची अक्षरमालांची फाइल चोरीला गेली, तर चोर प्रत्येक कर्मचाऱ्याचे पुढचे सगळे कोड घरबसल्या काढू शकतो. मार्च २०११मध्ये आरएसए या कंपनीतून तिच्या आकडे दाखवणाऱ्या टोकनांसंबंधीची गुप्त माहिती चोरीला गेली. मे महिन्यात लॉकहीड मार्टिनवर हल्ला झाला आणि त्यात त्या माहितीचा वापर झाल्याचं आरएसएला मान्य करावं लागलं. पुढे कंपनीला ग्राहकांची टोकनं बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली.

चार दिवस, चार परीक्षा

आता चाकणच्या कंपनीवर येणारे चार दिवस पाहू. ते कुठल्याही कंपनीवर कधी ना कधी येतातच.

पहिला दिवस: विक्री प्रतिनिधी राजीनामा देऊन स्पर्धकाकडे जातो. कोडची पद्धत असेल, तर त्याचं खातं बंद केलं की काम संपलं. सर्टिफिकेट त्याच्या नावे दिलेलं असेल, तर लॅपटॉप परत घेणं पुरेसं नाही, कारण चावीची प्रत त्याच्याकडे असू शकते. सर्टिफिकेट रद्द करावं लागतं. त्याच्या दोन आज्ञा आहेत:

```
./easyrsa revoke laptop-07
./easyrsa gen-crl
```

पहिल्या आज्ञेने सर्टिफिकेट रद्द म्हणून नोंदलं जातं. दुसरीने रद्द झालेल्या सगळ्या सर्टिफिकेटांची यादी नव्याने बनते. ती `crl.pem` नावाची फाइल व्हीपीएनच्या सर्व्हरवर नेऊन ठेवायची. सर्व्हरच्या मांडणीत ही ओळ आधीपासून असायला हवी:

```
crl-verify /etc/openvpn/crl.pem
```

ही ओळच नसेल, तर सर्टिफिकेट रद्द करूनही काहीच होत नाही. यादी बनते, पण तिच्याकडे कुणी पाहत नाही. म्हणून रद्द केल्यावर त्याच लॅपटॉपवरून जोडून पाहायचं आणि नकार मिळतो की नाही, याची डोळ्यांनी खात्री करायची. आणखी एक बारकावा आहे. तो माणूस त्या क्षणी जोडलेला असेल, तर लगेच बाहेर फेकला जात नाही. ओपनव्हीपीएन दर तासाला दोन्ही बाजूंची ओळख पुन्हा तपासतो, तेव्हा तो अडतो. भांडून गेलेल्या माणसाला तासभरही द्यायचा नसेल, तर त्याची चालू जोडणी हाताने तोडावी लागते.

दुसरा दिवस: डिझाइन इंजिनिअरचा लॅपटॉप डेक्कन क्वीनमध्ये राहतो. सर्टिफिकेट एकटंच असेल आणि लॅपटॉपचा स्क्रीन उघडा असेल किंवा पासवर्ड चिठ्ठीवर असेल, तर ज्याला लॅपटॉप सापडला त्याला कंपनीही सापडली. सर्टिफिकेट यंत्र ओळखतं, हातात कोण आहे ते त्याला कळत नाही. चावीला वेगळा पासवर्ड लावता येतो, पण कर्मचाऱ्याने तो काढून टाकला की नाही, हे सर्व्हरला समजण्याचा मार्ग नाही. या दिवशी कोड वाचवतो, कारण फोन इंजिनिअरच्या खिशात असतो. अॅप लॅपटॉपवरच बसवलेलं असेल, तर तेवढाही आधार राहत नाही.

तिसरा दिवस: अकाउंटंट नवा फोन घेतो आणि जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकतो. सर्टिफिकेटला याच्याशी देणंघेणं नाही. कोडच्या पद्धतीत मात्र तो दाराबाहेर अडकतो. सुरुवातीला दिलेले आणीबाणीचे कोड त्याने कागदावर उतरवून ठेवले असतील तर ठीक, पण बहुतेक जण ते ठेवत नाहीत. मग तो फोन करतो, ‘माझा मोबाईल बदललाय, क्यूआर कोड परत पाठवा ना.’ नेमका हाच फोन चोरही करतो. म्हणून नवा क्यूआर कोड समोरासमोर द्यायचा. ते शक्य नसेल, तर आलेला फोन ठेवून आपल्या यादीतल्या नंबरवर उलट फोन करून खात्री करायची आणि मगच द्यायचा. व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोडचा फोटो पाठवणं म्हणजे गुपिताची कायमची प्रत दोघांच्या फोनमध्ये ठेवणं. गूगलच्या अॅपमध्ये एप्रिल २०२३पासून कोड गूगल खात्यात साठवण्याची सोय आली. तिने हा दिवस सोपा केला. पण मग कंपनीच्या दाराची सुरक्षा त्या कर्मचाऱ्याच्या खाजगी जीमेलच्या पासवर्डवरही अवलंबून राहते.

चौथा दिवस: ‘मी आयटीतून बोलतोय, सर्व्हर बदलतोय, या लिंकवर एकदा लॉगिन करा.’ कोड इथे हरतो, हे वर आलंच. सर्टिफिकेट जिंकतं, पण एका अटीवर. तोच माणूस ‘तुमची `.ovpn` फाइल मला मेल करा’ म्हणाला आणि चावी त्या फाइलमध्ये उघडी पडलेली असेल, तर सर्टिफिकेटही हरतं. चावी चिपमध्ये असेल, तर पाठवण्यासारखं काही नसतंच.

चार दिवसांची बेरीज अशी होते. पहिल्या दिवशी कोड सोपा पडतो आणि दुसऱ्या दिवशी तो आवश्यक ठरतो. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सर्टिफिकेट सरस आहे. इंटरनेटवरून सगळ्यांत जास्त वेळा येणारा दिवस म्हणजे चौथा. तो जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून, एकाच वेळी अकराही जणांवर येऊ शकतो. लॅपटॉप हरवण्याचा दिवस एका वेळी एकावरच येतो आणि तो आला हे त्या माणसाला त्याच संध्याकाळी कळतं.

दोन्ही पद्धती न सांगता कशा बिघडतात

निवड करताना चोरांचाच विचार होतो. पण पहिल्या वर्षात कंपनीचं काम खरोखर थांबतं, ते बहुतेक वेळा स्वतःच्याच मांडणीमुळे. त्यातल्या तीन जागा आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली जागा सर्टिफिकेटची. रद्द झालेल्यांच्या यादीलाही मुदत असते. इझी-आरएसए ती आपोआप १८० दिवसांची ठेवतं. राजीनामा झाला, यादी बनवली, सर्व्हरवर ठेवली आणि विसरून गेलं, की सुमारे सहा महिन्यांनी एका सकाळी अकराच्या अकरा जणांना नकार मिळतो. कुणी काहीच बदललेलं नसतं. सर्व्हरच्या नोंदवहीत `CRL has expired` ही ओळ दिसली, की कारण कळतं. उपाय म्हणजे यादी पुन्हा बनवून ठेवायची आणि पुढे दर महिन्याला तीच गोष्ट नेमाने करायची. सर्टिफिकेटांची मुदतही त्याच साधनात आपोआप ८२५ दिवसांची असते. कर्मचाऱ्याचं सर्टिफिकेट संपलं तर एकटा तोच अडतो, सर्व्हरचं संपलं तर सगळे अडतात. म्हणून तक्रारी किती जणांच्या आल्या, हीच पहिली खूण धरायची.

दुसरी जागा कोडची, घड्याळाची. सर्व्हर साधारणपणे आत्ताचा, आधीचा आणि नंतरचा असे तीन कोड मान्य करतो. म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटाचा फरक चालून जातो, दोन मिनिटांचा चालत नाही. एकाचाच कोड नाकारला जात असेल, तर त्याच्या फोनची वेळ हाताने लावलेली असते, ती आपोआप घेण्यावर ठेवायची. सगळ्यांचेच कोड नाकारले जात असतील, तर सर्व्हरचं घड्याळ भरकटलेलं असतं. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२च्या आदेशात कंपन्यांना घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला आणि नोंदवह्या १८० दिवस जपायला सांगितलं आहे. ते पाळलं, तर कोडचा हा त्रासही जातो आणि नोंदीतल्या वेळाही विश्वासाच्या होतात.

तिसरी जागा सर्वांत चिडचिडीची. कोड बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी कर्मचारी सांगतात, की व्हीपीएन सारखा तुटतो. विचारलं तर कळतं, जोडल्यापासून बरोबर एका तासाने. ही तीच तासातासाची तपासणी. पासवर्ड असता तर लॅपटॉपने तो स्वतःच पुन्हा पाठवला असता आणि कुणाला कळलंही नसतं. कोडच्या बाबतीत तो तासापूर्वीचा शिळा कोड पाठवतो आणि सर्व्हर तो नाकारतो. पुष्कळ जण मग वैतागून ही तपासणीच बंद करतात आणि रद्द केलेला माणूस दिवसभर आत राहण्याची सोय करून देतात. खरा उपाय सर्व्हरच्या मांडणीतली एक ओळ आहे:

```
auth-gen-token 36000
```

एकदा कोड बरोबर आला, की सर्व्हर त्या लॅपटॉपला एक तात्पुरतं टोकन देतो आणि पुढच्या तासांना तेच तपासतो. ३६,००० सेकंद म्हणजे दहा तास. सकाळी कोड टाकला, की कामाचा दिवस निभावतो आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा विचारलं जातं.

मग चाकणच्या कंपनीने काय करावं

एकच निवडायचं झालं, तर निकष असा: ज्या संगणकाची मालकी आणि देखभाल कंपनीकडे आहे, त्याला सर्टिफिकेट द्यावं. जो संगणक कंपनीचा नाही, त्यात सर्टिफिकेटची चावी ठेवणं म्हणजे ती दुसऱ्याच्या घरात ठेवणं. त्या संगणकावर मुलं गेम उतरवतात की काय, हे कंपनीला पाहता येत नाही. तिथे कोड बरा, आणि त्या माणसाला पूर्ण नेटवर्क न देता लागेल तेवढंच दाखवावं.

या हिशोबाने नऊ लॅपटॉपना नऊ वेगळी सर्टिफिकेटं द्यायची, चाव्या त्या-त्या लॅपटॉपच्या चिपमध्ये बनवायच्या आणि डिस्क कुलूपबंद करायची. हरवलेल्या लॅपटॉपचा दुसरा दिवस त्याने बराचसा आटोक्यात येतो. हिशोबाच्या बाईंना पासवर्ड आणि कोड द्यायचा, आत त्यांना फक्त टॅली दिसेल असं करायचं. मात्र सर्टिफिकेट न मागणाऱ्या माणसांसाठी व्हीपीएनची दुसरी, वेगळी प्रक्रिया वेगळ्या पोर्टवर चालवावी. एकाच दारावर ‘सर्टिफिकेट असलं तर ठीक, नसलं तरी चालेल’ अशी ढिलाई ठेवली, तर नऊ जणांच्या सर्टिफिकेटांना काही अर्थ उरत नाही, कारण चोर नेहमी सोप्या बाजूनेच येतो.

मालक आणि सिस्टिमवाला या दोघांना मात्र सर्टिफिकेट आणि कोड दोन्ही हवेत. त्यांच्या खात्यातून सगळंच दिसतं आणि सगळंच पुसता येतं. सिस्टिमवाल्याचा संगणक कंपनीचा नाही, म्हणून त्याला चावी यूएसबी टोकनमध्ये द्यायची, म्हणजे करार संपला की टोकन परत घेता येतं. उरलेल्या आठ जणांनाही सकाळी एकदा कोड टाकायची सवय लागत असेल, तर उत्तमच. पण दोन्ही नेटाने चालवण्याएवढा वेळ नसेल, तर त्यांच्यासाठी सर्टिफिकेट सोडून कोड धरू नये.

हा वेळ किती, तोही मोजून ठेवावा. सुरुवातीला प्रत्येक लॅपटॉपमागे अर्धा तास धरला, तरी नऊ लॅपटॉप साडेचार तासांत होतात. त्यानंतर महिन्याला यादी नव्याने बनवण्याची पाच मिनिटं आणि प्रत्येक राजीनाम्यामागे पंधरा मिनिटं. हे काम कुणाचं, ते नाव घेऊन ठरलेलं असावं, आणि तो रजेवर असताना कोण, हेही. सही करणारी मुख्य चावी व्हीपीएनच्या सर्व्हरवर ठेवू नये. वेगळ्या, एरवी बंद असलेल्या संगणकावर पासवर्ड लावून ठेवावी. ती चोरीला गेली, तर चोर स्वतःच नवीन सर्टिफिकेटं बनवू लागतो आणि सगळी मांडणी पहिल्यापासून करावी लागते.

ज्या कंपनीत हे काम कुणाकडेच देता येत नाही, राजीनाम्याची बातमी सिस्टिमवाल्याला पुढच्या भेटीत कळते आणि लॅपटॉप कुणाकडे किती आहेत याची यादीही नाही, तिथे सर्टिफिकेट घेऊ नये. सांभाळलं न गेलेलं सर्टिफिकेट दोन वर्षांहून अधिक काळ निमूट दार उघडत राहतं आणि त्याची आठवण कुणालाच होत नाही. तिथे कोड घ्यावा, चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घालावी, एकदा वापरलेला कोड पुन्हा चालणार नाही असं ठेवावं आणि पगाराच्या यादीशी खात्यांची यादी दर महिन्याला ताडून पाहावी. पगार थांबलेल्याचं खातं चालू राहिलं, तर ते त्याच दिवशी दिसतं.

आणि दोन्हींपैकी काहीही घेतलं, तरी व्हीपीएनच्या मशीनचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्यातून सुटका नाही. सप्टेंबर २०२१मध्ये फोर्टिनेटच्या सुमारे ८७,००० व्हीपीएन यंत्रांची लॉगिनं उघड झाली. ती ज्या दोषातून मिळवली होती, त्याची दुरुस्ती कंपनीने २०१९मध्येच दिली होती. नुसत्या दुरुस्तीनेही भागणार नव्हतं, कारण आधी फुटलेले पासवर्ड न बदलता तसेच ठेवले, तर दुरुस्त झालेलं यंत्रही ते मुकाट्याने मान्य करतं. म्हणून दोष निघाल्याचं कळलं, की तीन कामं एकाच दिवशी करावीत. दुरुस्ती बसवावी, पासवर्ड बदलावेत आणि कोडच्या गुप्त अक्षरमाला नव्याने द्याव्यात. सर्टिफिकेटं वापरणाऱ्या कंपनीला यातलं तिसरं काम बहुधा करावं लागत नाही. तिला सर्व्हरची स्वतःची चावी तेवढी बदलावी लागते.